नवा बोर्ड, जुनं नाव: फोटोतली ताजी वस्तू मॉडेल चुकीची ओळखतं तेव्हा

कपाटात साठलेल्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डांची यादी करायची होती. एकेक बोर्ड टेबलावर ठेवायचा, वरून फोटो काढायचा, फोटो समजणाऱ्या मॉडेलला द्यायचा आणि ते सांगेल ते नाव यादीत उतरवायचं, एवढाच बेत. रास्पबेरी पाय ३ त्याने बरोबर ओळखला, पाय ४ ही ओळखला. मग पाय ५ ठेवला आणि उत्तर आलं: रास्पबेरी पाय ४. उजेड बदलला, कोन बदलला, फोटो पुन्हा काढला. तरी ४ च. सुरात शंका म्हणून नाही. वर कारणंही दिली: दोन मायक्रो-एचडीएमआय पोर्ट आहेत, पॉवरसाठी यूएसबी-सी आहे आणि कडेला ३.५ मिमीचा ऑडिओ जॅक आहे.

पहिल्या दोन गोष्टी समोरच्या बोर्डावर खरंच होत्या. तिसरी नव्हती. पाय ५ वर ऑडिओ जॅक नसतोच. तो काढून त्या जागेच्या आसपास कॅमेरा-डिस्प्लेच्या रिबन केबलसाठी दोन कनेक्टर शेजारी शेजारी बसवलेत. म्हणजे मॉडेलने जॅक पाहिला नव्हता. आधी 'पाय ४' हे नाव ठरलं आणि मग पाय ४ ला जे असतं ते त्याने फोटोत 'पाहिलं'.

हा नसलेला जॅक लक्षात ठेवा. ही तक्रार पुन्हा पुन्हा येते: नवा फोन आधीच्या पिढीचा सांगितला जातो, डोक्यावर घालायचा नवा हेडसेट स्कीइंगचा गॉगल ठरतो, बदललेला लोगो निव्वळ अक्षर म्हणून वाचला जातो. बहुतेक जण दोष फोटोला देतात आणि दहा वेळा फोटो काढत बसतात. कधीकधी दोष फोटोचा असतोही, म्हणून तो कसा वेगळा काढायचा ते पुढे सांगतो. पण वस्तू अलीकडची असेल तर आधी ट्रेनिंग कटऑफचा विचार करा, म्हणजे मॉडेलला शिकवण्यासाठी गोळा केलेली माहिती ज्या तारखेला थांबली ती तारीख. पाय ५ ची घोषणा झाली २८ सप्टेंबर २०२३ ला. ज्या मॉडेलची चित्रं त्याआधीच गोळा झाली होती, त्याने हा बोर्ड कधी पाहिलेलाच नाही. त्याच्या लेखी जगात या आकाराचा, दोन मायक्रो-एचडीएमआय असलेला बोर्ड एकच, तो म्हणजे जून २०१९ मध्ये आलेला पाय ४.

मग ते सरळ 'माहीत नाही' का म्हणत नाही? कारण न पाहिलेली वस्तू त्याला रिकामी जागा म्हणून दिसत नाही. ओळखीच्या वस्तूंपैकी एखादीच्या खूप जवळची म्हणून दिसते. शिकताना फोटो आणि नाव यांच्या जोड्या त्याने लाखोंनी पाहिल्या, आणि त्यात 'हे ओळखता येत नाही' असं लिहिलेल्या जोड्या फारच थोड्या. लोक फोटोखाली नाव लिहितात, आपलं अज्ञान लिहीत नाहीत.

तारीख एक नसते, दोन असतात

इथे बरेच जण फसतात. मॉडेलच्या माहितीपत्रकात एखादी तारीख दिलेली असते, ती वाचून आपण म्हणतो की वस्तू तर त्याआधीची आहे, मग ओळखायला काय हरकत? पण ती तारीख बहुतेकदा मजकुराची असते. फोटो समजणाऱ्या मॉडेलमध्ये साधारण दोन भाग जोडलेले असतात. एक व्हिजन एन्कोडर, म्हणजे त्याचे डोळे, जो फोटोचे आकड्यांत रूपांतर करतो. दुसरा भाषेचा भाग, जो ते आकडे घेऊन वाक्य तयार करतो. हे दोन भाग एकाच वेळी शिकलेले असतील असं मुळीच नाही.

खुल्या मॉडेलांमधलं एक घेऊ, कारण त्याची जडणघडण जाहीर आहे. लावा १.५ हे मॉडेल ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. त्याचे डोळे म्हणजे क्लिप नावाचा एन्कोडर, जो ओपनएआयने ५ जानेवारी २०२१ ला जाहीर केला. ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर तो शिकला होता, आणि त्या अर्थातच त्या तारखेच्या आधीच्या. भाषेचा भाग म्हणजे विकुना, जो लामा २ वर बेतलेला आहे, आणि लामा २ च्या मूळ शिक्षणातला मजकूर सप्टेंबर २०२२ पर्यंतचा. म्हणजे मॉडेल २०२३ चं, वाचन २०२२ पर्यंतचं आणि डोळे २०२० च्या सुमाराचे. दोन्ही भाग जोडताना आणखी चित्रं दाखवली जातात खरी, पण त्यातला मोठा वाटा जुन्या, आयत्या संग्रहांचा असतो. २०१४ पासून वापरात असलेला कोको हा संग्रह तिथेही आहेच.

आता ५ जानेवारी २०२१ च्या दुसऱ्याच दिवशी काय झालं पाहा. किया या गाड्यांच्या कंपनीने ६ जानेवारीला आपला नवा लोगो जाहीर केला. तिन्ही अक्षरं एका ओघात जोडलेली, जुन्या लोगोतलं लंबवर्तुळ नाही. लावा १.५ च्या भाषेच्या भागाने 'कियाने लोगो बदलला' असं कुठेतरी वाचलेलं असू शकतं, कारण त्याचं वाचन पुढे दीड वर्षाहून जास्त चालू होतं. पण गाडीच्या बॉनेटवर बसलेला तो लोगो त्याच्या डोळ्यांना सवयीचा होण्याएवढा दिसलेला असणं अवघड. नाव कानावर आलंय, चेहरा पाहिलेला नाही.

यावरून वस्तूंचे तीन गट पडतात, आणि उपाय गटागणिक वेगळा. लावा १.५ पुरतं पाहिलं तर पाय ४ दोन्ही तारखांच्या आधीचा: नावही माहीत, चेहराही. कियाचा लोगो दोन तारखांच्या मधला: नाव माहीत, चेहरा नाही. पाय ५ दोन्हींच्या नंतरचा: नावही नाही, चेहराही नाही. अलीकडच्या काही मॉडेलांत डोळे आणि भाषा एकत्रच शिकवतात, तिथे मधला पट्टा अरुंद होतो. तरी मजकुराइतक्या ताज्या फोटोंचा भरणा झालाय असं गृहीत धरू नका.

शिवाय कटऑफच्या थोडं आधी आलेली वस्तूही कच्चीच राहते. बाजारात आल्या दिवशी नव्या बोर्डाचे जे फोटो असतात ते कंपनीने काढलेले, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे, ठरावीक कोनातले. धूळ बसलेला, वायरींच्या गुंत्यात अडकलेला, अर्धा झाकलेला बोर्ड फोटोंमध्ये यायला वर्ष-दोन वर्षं जातात. तोवर मॉडेलला फार तर जाहिरातीतला बोर्ड ओळखता येतो, तुमच्या टेबलावरचा नाही.

(मॉडेललाच 'तुझा कटऑफ काय?' असं विचारून तपासू नका. ते जे सांगतं तोही अंदाजच असतो, आणि बरेचदा खऱ्या तारखेपेक्षा मागचा, कारण शेवटच्या काही महिन्यांबद्दलचा मजकूर जगात तेव्हा लिहून व्हायचाच असतो.)

दोष कटऑफचाच आहे का?

पहिली चाचणी तुलनेची. जी वस्तू ओळखली जात नाही, तिच्याच घराण्यातली जुनी वस्तू त्याच जागी, त्याच उजेडात, तितक्याच अंतरावरून टिपा. माझ्याकडे पाय ३ होता, फेब्रुवारी २०१६ चा. तो आणि पाय ४ बरोबर ओळखले गेले आणि फक्त पाय ५ चुकला, म्हणजे कॅमेरा, उजेड आणि प्रश्नाची भाषा सुटली. जुनी वस्तूही चुकत असेल तर कटऑफ विसरा आणि फोटोकडे वळा.

फोटोचं गणित साधं आहे, पण एकदा करून पाहण्यासारखं. वर सांगितलेला क्लिप एन्कोडर लावा १.५ मध्ये ३३६ × ३३६ पिक्सेलचं चित्र घेतो आणि त्याचे १४ पिक्सेलचे चौकोन पाडतो. एका रेषेत २४, एकूण ५७६. तुमचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर तो जवळपास बारापट आकसतो. त्यात १२० पिक्सेल रुंद दिसणारा लोगो १० पिक्सेलचा उरतो, म्हणजे एक चौकोनही भरत नाही. हा लोगो पन्नास वर्षं जुना असता तरी ओळखला गेला नसता. नव्या मॉडेलांत चित्राचे तुकडे करून मोठ्या आकारात पाहण्याची सोय असते, तरी वस्तू फोटोभर येईल असं कापून देणं हा फुकटचा उपाय आहे आणि तो आधी करावा.

मी बोर्डावरच्या छापील मजकुराचा भाग कापून दिला आणि मॉडेल लगेच म्हणालं, पाय ५. प्रश्न सुटला असं वाटलं. पण मग त्या छापील नावावर कागदी टेप चिकटवली आणि तोच, तेवढाच भाग पुन्हा दिला. उत्तर परत पाय ४.

या दुसऱ्या, टेपच्या चाचणीमुळे वाचणं आणि ओळखणं वेगळं झालं. अक्षरं वाचायला वस्तू माहीत असावी लागत नाही. मॉडेलने '५' हा आकडा वाचला, बोर्ड ओळखला नाही. तुमच्या वस्तूवर नाव छापलेलं असेल आणि ते नेहमी दिसणार असेल, तर मजकूर वाचून घ्या आणि पुढचं सगळं सोडून द्या. पण केस घातली, पंखा बसवला, बोर्ड उलटा पडला की ही वाट बंद होते. शिवाय वाचण्यावर विसंबणं उलटतंही. २०२१ मध्ये ओपनएआयच्याच संशोधकांनी दाखवलं होतं की हिरव्या सफरचंदावर 'iPod' लिहिलेली चिठ्ठी चिकटवली की क्लिप त्या सफरचंदाला आयपॉड ठरवतो. दुसऱ्या कंपनीच्या डब्यात ठेवलेली वस्तू, दुरुस्तीवाल्याने लावलेलं स्टिकर, मागच्या भिंतीवरची जाहिरात, यांतलं काहीही त्या चिठ्ठीसारखं वागू शकतं.

तिसऱ्या चाचणीत फोटो नकोच. नव्या संभाषणात नुसतं लिहून विचारा: रास्पबेरी पाय ५ वर कोणकोणते पोर्ट आहेत, पाय ४ पेक्षा काय वेगळं आहे? माझ्या मॉडेलने पॉवर बटण आलं, ऑडिओ जॅक गेला, पीसीआय एक्सप्रेससाठी कनेक्टर आला, हे सगळं नीट सांगितलं. म्हणजे माझा बोर्ड मधल्या गटातला निघाला. भाषेच्या भागाला पाय ५ वाचून माहीत होता, डोळ्यांना नव्हता. इथे मॉडेलने गोलमोल किंवा चुकीचं सांगितलं असतं तर बोर्ड तिसऱ्या गटात गेला असता. बहुतेक लोक ही चाचणी करत नाहीत. मला मात्र सर्वांत जास्त कळतं ते हिच्यातून, कारण पुढे मॉडेलला काय पुरवायचं हे तीच ठरवते.

चौथी चाचणी त्या नसलेल्या जॅकसाठी. नाव विचारूच नका. नव्या संभाषणात फोटो द्या आणि सांगा: 'या बोर्डाच्या चारही कडांवर जे पोर्ट, बटणं आणि कनेक्टर दिसतात ते क्रमाने लिहा. बोर्डाचं नाव लिहू नका. जे स्पष्ट दिसत नाही त्यापुढे अस्पष्ट असं लिहा.' मी असं विचारल्यावर ऑडिओ जॅक गायब झाला आणि कडेवरचं छोटं बटण यादीत आलं. आधीच्या संभाषणात मात्र तोच प्रश्न विचारला तर जॅक तसाच टिकून राहिला, कारण एकदा 'पाय ४' लिहून झालं की पुढची सगळी वाक्यं त्या नावाशी जुळवून घेतात. म्हणून प्रत्येक चाचणीला कोरं संभाषण हवं. आधीच्या उत्तरावर वाद घालून काही सिद्ध होत नाही.

वादाबद्दल आणखी एक. 'नीट बघ, हा पाय ५ आहे ना?' असं विचारलं की मॉडेल माफी मागून हो म्हणतं, आणि आपल्याला वाटतं त्याला आता दिसलं. मग त्याला खऱ्या पाय ४ चा फोटो देऊन हाच प्रश्न विचारून पाहा. बहुधा तिथेही हो येईल.

उपाय

मधल्या गटासाठी, म्हणजे नाव माहीत आणि चेहरा नाही अशा वस्तूसाठी, काम दोन पायऱ्यांत तोडा. पहिल्या पायरीत वरच्यासारखं नुसतं वर्णन घ्या. दुसऱ्या पायरीत फोटो न देता ते वर्णन द्या आणि विचारा की कोणत्या बोर्डाशी जुळतं. डोळ्यांनी फक्त पाहायचं, नाव शोधायचं काम वाचनावर सोपवायचं. पाय ३, ४ आणि ५ यांच्यासाठी हे फार सुरेख चालतं, कारण खुणा मोजक्या आणि ठळक आहेत. पूर्ण आकाराचा एकच एचडीएमआय असेल तर ३. दोन मायक्रो-एचडीएमआय असतील तर ४ किंवा ५. ४ वर इथरनेटचा पोर्ट चाळीस पिनांच्या रांगेकडच्या कोपऱ्यात असतो. ५ वर तो पुन्हा ३ सारखा पलीकडच्या कोपऱ्यात गेलाय. जॅक असेल तर ४, नसेल आणि बटण असेल तर ५.

यातली इथरनेटची खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. पोर्ट मोठा असतो, त्यामुळे फोटो आकसला तरी तो दिसतो. आणि केस घातली तरी तो उघडाच राहतो. बटण मात्र इतकं लहान की दूरच्या फोटोत मॉडेल ते पाहिल्याचं सांगेल तेव्हा मी विश्वास ठेवत नाही. तुमची वस्तू कोणतीही असो, अशी एक मोठी खूण शोधा. आयफोन १४ आणि १५ समोरासमोर ठेवले तर खालच्या कडेचा चार्जिंगचा पोर्ट वेगळा आहे, लाइटनिंगच्या जागी यूएसबी-सी. खूण पक्की, पण कड दिसेल असा फोटो असेल तरच, आणि लोक फोनचा फोटो बहुतेक पाठीकडून काढतात. खूण निवडताना ती फोटोत येणार आहे का हे आधी पाहा.

तिसऱ्या गटात, म्हणजे नावही नाही आणि चेहराही नाही तेव्हा, दोन्ही तुम्हीच पुरवायचे. एकाच संदेशात नमुन्याचे फोटो नावासकट द्या, मग प्रश्नाचा फोटो द्या. मी असं लिहितो: 'पहिला फोटो पाय ४ चा आहे. दुसरा पाय ५ चा. तिसरा अनोळखी. तिसरा पहिल्याशी जुळतो की दुसऱ्याशी, ते दिसणाऱ्या तीन खुणा आधी लिहून मग सांगा. दोन्हींशी जुळत नसेल तर जुळत नाही असं लिहा.' फक्त नव्या वस्तूचा नमुना देऊ नका. जुनी, जिच्याशी गल्लत होते ती वस्तूही शेजारी हवी. नाहीतर मॉडेल वर सांगितल्याप्रमाणे समोर आलेलं एकमेव नाव उचलून सगळ्यांना तेच चिकटवतं. तसं झालंय का हे पाहायला प्रश्नाच्या जागी अधूनमधून खरा पाय ४ देत राहा.

'आज अमुक तारीख आहे, तुझ्या माहितीनंतर नवी उत्पादनं आली असतील' असं वाक्य सुरुवातीला घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने मॉडेल थोडं सावध होतं, 'पाय ४ किंवा त्यानंतरचा' असं म्हणू लागतं. चेहरा मात्र त्याला त्यातून मिळत नाही. इंटरनेटवर शोधायची सोय जोडलेली असेल तर तीही बहुधा मजकूरच आणते, म्हणजे मधल्या गटापर्यंत नेऊन सोडते. पुढचं दोन पायऱ्यांचं काम उरतंच.

वस्तू शेकड्यांनी असतील तर प्रत्येक वेळी नमुने पाठवणं परवडत नाही. तेव्हा नाव सांगायचं काम मॉडेलकडून काढूनच घ्या आणि चित्राशी चित्र जुळवा. इथे गंमत अशी की जुना एन्कोडरही चालतो. त्याला पाय ५ हे नाव ठाऊक नसलं तरी पाय ५ चे दोन फोटो एकमेकांसारखे आहेत हे बरंचसं दिसतं. नाव तुमच्या फाइलच्या नावातून येतं.

```python
from sentence_transformers import SentenceTransformer, util
from PIL import Image

m = SentenceTransformer("clip-ViT-B-32")
names = ["pi3.jpg", "pi4.jpg", "pi5.jpg"]
ref = m.encode([Image.open(n) for n in names])
q = m.encode(Image.open("photo.jpg"))
print(util.cos_sim(q, ref))
```

तीन आकडे मिळतील. सर्वांत मोठा ज्याचा, तो बोर्ड. पण नुसता मोठा आकडा पाहून थांबू नका. बोर्ड एकमेकांसारखे असल्याने तिन्ही आकडे चिकटून येतात आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर अगदी थोडं असतं. पूर्ण बोर्डाच्या फोटोवर माझं अंतर इतकं कमी होतं की कोन जरा तिरका झाला की निकाल उलटायचा. मग मी फक्त यूएसबी आणि इथरनेट असलेली कड कापून नमुने केले, प्रश्नाचा फोटोही तसाच कापला. अंतर स्पष्ट वाढलं, कारण आता चित्रात फरक दाखवणारा भागच उरला होता. प्रत्येक बोर्डाचे चार-पाच नमुने वेगवेगळ्या कोनांतून ठेवले तर आणखी बरं.

पहिल्या दिवशी मी एक ढोबळ चूक केली. पाय ४ चे नमुने पांढऱ्या कागदावर काढले होते आणि पाय ५ चे लाकडी टेबलावर. निकाल इतका चांगला आला की संशय यायला हवा होता. एन्कोडर टेबल ओळखत होता. सगळे नमुने एकाच पार्श्वभूमीवर काढा, आणि खात्रीसाठी एखादा जुना बोर्ड मुद्दाम दुसऱ्या टेबलावर ठेवून पाहा.

'जुळत नाही' म्हणण्याची सीमा आयती मिळत नाही. नमुन्यांत नसलेला एखादा बोर्ड द्या, त्याला किती आकडा मिळतो ते पाहा, आणि सीमा त्याच्या वर ठेवा. एन्कोडर बदलला की सीमा पुन्हा काढावी लागते.

मॉडेललाच नव्या फोटोंवर आणखी शिकवावं का, असं कोणी ना कोणी विचारतंच. पाच-दहा नव्या वस्तूंसाठी मी तरी ते करणार नाही. नमुन्यांच्या फोल्डरमध्ये नवा फोटो टाकायला एक मिनिट लागतं आणि चुकला तर काढता येतो.

लोगोचं दुखणं थोडं निराळं

बोर्डाला खुणा असतात. लोगोला बरेचदा एकच आकार असतो, आणि तो आकार आधीपासून दुसऱ्या कशाचा तरी असतो. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचा निळा पक्षी जाऊन X आला. त्याआधीचे डोळे असलेल्या मॉडेलला हा लोगो दाखवला तर ते अक्षर एक्स म्हणतं, आणि ते चूक नाहीच. गणितात आणि टायपोग्राफीत दुहेरी रेघेचा असा एक्स कितीतरी आधीपासून आहे. इथे वर्णन आधी आणि नाव नंतर ही युक्ती फारशी चालत नाही, कारण वर्णन 'दुहेरी रेघेचा एक्स' एवढ्यावर संपतं. मदत करतो तो आजूबाजूचा भाग. लोगो एकटा कापून न देता तो ज्या पानावर, पाटीवर किंवा अ‍ॅपच्या चौकोनात आहे तेवढा सगळा द्या. बोर्डाच्या बाबतीत कापून दिल्याने फायदा झाला होता, इथे कापल्याने नुकसान होतं.

दुसरा प्रकार अक्षरांच्या लोगोचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये नोकियाने लोगो बदलला तेव्हा काही अक्षरांच्या रेघाच गाळल्या. कियाचा नवा लोगो तर अनेक माणसांनीही KN असा वाचला. मॉडेल असा लोगो चुकवतं तेव्हा कारण कटऑफ असेलच असं नाही. वाचण्याची वाटही तिथे अडखळते. फरक ओळखायला नव्या लोगोचा नमुना नावासकट द्या आणि मग वेगळ्या कोनातला फोटो विचारा. नमुना दिल्यावर जुळला तर फक्त ओळख नव्हती. तरीही जुळला नाही तर आकारच एन्कोडरला पकडता येत नाहीये, आणि मग लोगोऐवजी गाडीची जाळी, फोनचा कॅमेऱ्याचा उंचवटा असं काहीतरी मोठं धरावं लागतं.

बदललेल्या लोगोबाबत मॉडेलचं उत्तर कधीकधी अर्धवट बरोबर असतं, ते मात्र पकडायला अवघड. फोटोत नवा लोगो असतो, मॉडेल कंपनी बरोबर सांगतं, पण लोगोचं वर्णन जुन्याचं करतं: लंबवर्तुळात लिहिलेली अक्षरं वगैरे. तुम्हाला फक्त कंपनीचं नाव हवं असेल तर ठीक. पण 'या पाट्यांपैकी किती पाट्यांवर नवा लोगो लागलाय' हे मोजत असाल तर अशा उत्तरांनी सगळी मोजणी बिघडते, आणि नाव बरोबर असल्यामुळे कोणी तपासतही नाही. तिथे नाव विचारूच नका. जुना आणि नवा असे दोन नमुने देऊन 'अ की ब' एवढंच विचारा.

माझी यादी शेवटी चित्राशी चित्र जुळवून पूर्ण झाली. एक बोर्ड मात्र तिन्ही नमुन्यांशी सीमेखालीच राहिला. कपाटातून काढून उलटा केला तर तो रास्पबेरी पाय नव्हताच, त्याच मापाचा दुसऱ्या कोणाचा तरी बोर्ड होता. गप्पा मारणाऱ्या मॉडेलने त्यालाही आधी पाय ४ च म्हटलं होतं.